विसण घालण्याआधीचं गणित

नाशिकच्या बाहेरच्या बाजूला नवं घर बांधलेलं एक पाच माणसांचं कुटुंब डोळ्यांसमोर आणू या. आजी, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. घर स्वतःचं, गच्चीही स्वतःचीच. वायरिंग आणि नळाचं काम चालू असतानाच प्रश्न येतो: गच्चीवर सोलर बसवायचा की न्हाणीघरात गिझर?

उत्तर शोधायचं तर आधी आंघोळीचं पाणी मोजावं लागतं. विसण घातल्यावर माणशी साधारण 25 लिटर कोमट पाणी लागतं, म्हणजे पाच जणांचं 125 लिटर. डिसेंबरात सकाळी टाकीतलं पाणी 18 अंशांवर असतं आणि आंघोळीला ते 40 अंश लागतं. एक युनिट वीज 86 लिटर पाणी 10 अंशांनी तापवते. या हिशेबाने रोज सव्वातीन युनिटं लागतात, आणि गिझरच्या अंगातून व पाइपमधून वाया जाणारी उष्णता धरली तर पावणेचार. थंडीच्या एका महिन्यात सुमारे 110 युनिटं नुसत्या आंघोळीची होतात. पावसाळ्यात टाकीतलं पाणी इतकं गार नसतं, तेव्हा महिन्याला 80 पुरतात. उन्हाळ्यात 35 सुद्धा पुष्कळ झाली. वर्षाची बेरीज 900 युनिटांच्या आसपास जाते.

ही युनिटं बिलात कुठे बसतात, हे महत्त्वाचं आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली 100 युनिटं स्वस्त असतात आणि 101 पासून पुढची बरीच महाग. फ्रिज, पंखे आणि टीव्ही यांनी पहिला टप्पा आधीच भरत आणलेला असतो, त्यामुळे गिझरची वीज वरच्या दरानेच मोजली जाते. म्हणून हिशेब करताना बिलाचा सरासरी दर घेऊ नये, शेवटच्या टप्प्याचा घ्यावा. इथे तो सगळे आकार धरून 12 रुपये मानू. गिझरचा वर्षाचा खर्च 10,800 रुपये होतो.

सोलर यातलं सगळं वाचवत नाही. हिवाळ्यात नाशिकचं आकाश बहुतेक दिवस स्वच्छ असतं, तेव्हा तो जवळजवळ पूर्ण भार उचलतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सलग चार दिवस ढग असले की टाकीतलं पाणी जेमतेम कोमट राहतं. पावसाळ्यात निम्मं काम विजेवर जाईल असं धरलं, तर वर्षाला 700 युनिटं वाचतात, म्हणजे 8,400 रुपये. टाकी, काचेच्या नळ्या, स्टँड, पाइप आणि मजुरी मिळून खर्च 40,000 रुपये धरला, तर पाच वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. घरात दोनच माणसं असतील तर बचत वर्षाला साडेतीन हजारांच्या आत येते. छोटा संच 30,000 रुपयांत बसला तरी वसुलीला नऊ वर्षं लागतात. अशा घराने साधा गिझर घ्यावा, त्यात काहीच चुकत नाही.

पाच जणांच्या घरात सोलर जिंकतो, पण तो नीट बसला तरच. पहिली चूक पाइपची होते. पाऊण इंची पाइपमध्ये दर मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. गच्चीवरची टाकी एका टोकाला, न्हाणीघर खाली दुसऱ्या टोकाला आणि मधे 20 मीटर पाइप असेल, तर नळ सोडल्यावर आधी पाच लिटर गार पाणी येतं. माणसं तासातासाने आंघोळीला गेली तर दर वेळी हेच होतं आणि दिवसाला 25 लिटर पाणी मोरीत जातं. घर बांधतानाच सोलरची टाकी न्हाणीघराच्या डोक्यावर येईल असं पाहिलं आणि पाइपला चांगलं आवरण घातलं, तर हा त्रास बराच टळतो. भिंती उभ्या राहिल्यावर तो दुरुस्त करणं कठीण असतं.

दुसरी चूक सावलीची. नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण जागा बहुधा उन्हाळ्यात ठरवली जाते, सूर्य डोक्यावर असताना. डिसेंबरात नाशिकला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 46-47 अंशांवरच असतो. दक्षिणेला दोन मीटर उंच जिन्याची खोली असेल तर तिची सावली दुपारी बारालाही जवळजवळ दोन मीटर लांब पडते, सकाळी-संध्याकाळी त्याहून कितीतरी जास्त. गरम पाण्याची खरी गरज असते त्याच महिन्यांत संच सावलीत जातो.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते आणि ती विक्रेता सोय म्हणून विकतो. ढगाळ दिवसांसाठी सोलरच्याच टाकीत विजेची कॉइल बसवली जाते. ती चालू केली की एका बादलीसाठीसुद्धा अख्खी टाकी तापते. 200 लिटरची टाकी 30 अंशांनी तापवायला सात युनिटं लागतात. ती आपोआप चालू होणारी असेल आणि रात्रभर पाणी गरम ठेवत असेल, तर सकाळी सूर्याला तापवण्यासारखं फारसं उरतच नाही. मालक म्हणतो, ‘सोलर बसवूनही बिल कमी झालं नाही.’ ते खरंच कमी झालेलं नसतं.

त्यापेक्षा न्हाणीघरात 15 लिटरचा छोटा गिझर ठेवावा आणि सोलरचं पाणी त्याच्या आत जाणाऱ्या नळीला जोडावं. पाणी 32 अंशांवर आलं, तर गिझरला ते फक्त आठ-दहा अंश चढवायचं असतं. पाच जणांच्या आंघोळीला दीड युनिटाच्या आसपास पुरतं. ऊन असेल त्या दिवशी आत येणारं पाणीच पुरेसं गरम असतं आणि थर्मोस्टॅट वीज घेऊ देत नाही. एक अट आहे. मे महिन्यात सोलरचं पाणी 70-80 अंशांपर्यंत जातं. गिझर तेवढं गरम पाणी आत घेऊ शकतो का, हे कंपनीच्या पुस्तिकेत आधी पाहावं. तसं नसेल तर सोलरचं पाणी गिझरला वळसा घालून थेट नळाला नेणारी वेगळी चावी बसवावी. आजी आणि लहान मुलं वापरतात त्या नळाला विसण घालूनच पाणी येईल, अशी मिश्रणाची चावीही हवी.

बोअरचं पाणी असेल तर त्यातला कठीणपणा तपासून घ्यावा. पाणी जड असेल तर नळ्यांत आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. स्वच्छ उन्हातही पाणी पूर्वीइतकं तापेना आणि नळाची धार बारीक झाली, की हाच संशय घ्यावा. काचेच्या नळीच्या टोकाला आतून चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली आणि नळी बदलायला हवी. बदलताना टाकी रिकामी करावी लागते, आणि भरायची ती पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. उन्हात तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी गेलं तर काच तडकते आणि साध्या संचात एका फुटक्या नळीतून सगळी टाकी वाहून जाते.

आता एक तिसरा पर्यायही समोर आहे. केंद्र सरकारने 2024 मध्ये सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत छतावरच्या वीजनिर्मितीला तीन किलोवॉटपर्यंत 78,000 रुपये अनुदान मिळतं. पाणी तापवणाऱ्या सोलरचं मे महिन्यातलं जास्तीचं गरम पाणी कुणाच्याच उपयोगी पडत नाही, पण पॅनेलची जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि बिलात वजा होते. एक किलोवॉटची पॅनेलं दिवसाला सरासरी चार युनिटं देतात, मात्र त्यांना सुमारे 10 चौरस मीटर मोकळी गच्ची लागते. नळ्यांच्या संचाला त्याच्या निम्मीही लागत नाही.

नाशिकच्या त्या कुटुंबाने गच्ची प्रशस्त असेल आणि पॅनेलं बसवायचीच असतील तर वेगळा सोलर घेऊ नये, पॅनेल थोडी वाढवून गिझरच वापरावा. गच्ची लहान असेल, आंघोळी सकाळी लागोपाठ होत असतील आणि टाकीपासून न्हाणीघर जवळ असेल, तर 150 ते 200 लिटरचा सोलर आणि त्याच्या पुढे 15 लिटरचा गिझर ही जोडी घ्यावी. कॉइलवाली टाकी कितीही आग्रहाने दाखवली तरी घेऊ नये.