करवतीचा घास

लेथवर फिरवलेला सागाचा एक गोल ओंडका माझ्याकडे होता. व्यास १० सेंटिमीटर, लांबी १५ सेंटिमीटर. ओळखीच्या सुताराकडून तो उभा मधोमध चिरून घेतला. दोन सारख्या अर्धवृत्तचिती मिळाल्या. त्यांतली एक गोल बाजू खाली ठेवून टेबलावरच्या काचेवर ठेवली आणि कडेला बोटाने किंचित दाबून सोडली. ती पाळण्यासारखी झुलू लागली. एका झोक्याला किती वेळ लागावा हे मी आधीच कागदावर काढून ठेवलं होतं. वीस झोक्यांना ११.१ सेकंद. घड्याळाने दाखवले १०.७.

हिशेब असा होता. अर्धवर्तुळ त्याच्या व्यासाभोवती फिरवलं की गोल तयार होतो. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसच्या नियमाप्रमाणे या गोलाचं घनफळ म्हणजे अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या वस्तुमान केंद्राने कापलेलं अंतर. त्यावरून सपाट बाजूपासून वस्तुमान केंद्राचं अंतर निघतं: b = 4R/3π. माझ्या तुकड्याची त्रिज्या ५ सेंटिमीटर, म्हणजे b झाला २.१२ सेंटिमीटर.

आता तुकडा θ कोनातून कलला तर काय होतं? मूळ वर्तुळाचा मध्य म्हणजे सपाट बाजूच्या मधोमध असलेला बिंदू. तुकडा गडगडताना हा बिंदू टेबलापासून कायम R उंचीवरच राहतो, कारण खाली सगळीकडे तोच गोलावा आहे. वस्तुमान केंद्र या बिंदूच्या खाली b अंतरावर टांगल्यासारखं असतं. म्हणून त्याची उंची R − b cos θ. दहा अंशांच्या कलाला ते जेमतेम ०.३२ मिलिमीटर वर चढतं. तेवढ्या चढावर हा सगळा झुला चालतो. कोन लहान असेल तर हा चढ bθ²/2 इतका असतो. ऊर्जा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हालचाल लंबकासारखी होते.

उंचीवरून तुकडा मूळ जागी किती जोराने ओढला जातो ते कळतं. तो किती आळशी आहे हे मात्र जडत्व आघूर्णावरून कळतं, आणि पहिली चूक इथेच होते. वर्तुळाचा मध्य उंचीने हलत नाही, म्हणून तुकडा त्याच्याभोवतीच फिरतोय असं वाटतं. पण तो मध्य आडवा सरकत असतो. त्या क्षणी स्थिर असतो तो फक्त टेबलाला टेकलेला बिंदू. तेव्हा आघूर्ण तिथूनच मोजायला हवं. मध्याभोवतीचं आघूर्ण MR²/2. ते आधी वस्तुमान केंद्रावर आणायचं आणि तिथून टेकण्याच्या बिंदूवर न्यायचं. उत्तर येतं MR²(3/2 − 8/3π), म्हणजे सुमारे ०.६५ MR². मग

T = 2π√[(9π − 16)R / 8g]

g ला ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं की एका झोक्याला ०.५५६ सेकंद. मध्याभोवतीचं आघूर्ण तसंच वापरलं असतं तर ०.४८७ आले असते आणि वीस झोके पावणेदहा सेकंदांत संपले असते. घड्याळ तसंही म्हणत नव्हतं. ते दोन्ही उत्तरांच्या मधलं काहीतरी सांगत होतं, पण बरोबर उत्तराच्या जवळचं.

०.४ सेकंदांचा फरक बोटाच्या उशिरावर ढकलता आला असता. पण पाच वेळा मोजलं तरी आकडा १०.७ च्या आसपासच राहिला. मग वाटलं, झोका फार मोठा घेतला असेल. लंबकाचा आवर्तकाल कोनाबरोबर वाढतो, तसा इथेही वाढतो, आणि अधिक वेगाने. कारण तुकडा कलला की वस्तुमान केंद्र टेकण्याच्या बिंदूपासून लांब जातं आणि आघूर्णही वाढतं. ३० अंशांच्या झोक्यात लंबक पावणेदोन टक्के रेंगाळतो, तर हा तुकडा सुमारे सहा टक्के. पण मी दहा अंशांच्या आत होतो आणि तिथे वाढ एक टक्काही नाही. शिवाय या कारणाने वेळ वाढायला हवा होता. माझा कमी आला होता.

वेळ कमी करणारी एक गोष्ट म्हणजे घसरणं. टेबल पूर्ण गुळगुळीत असतं तर वस्तुमान केंद्र फक्त वरखाली हललं असतं आणि झोका ०.३९ सेकंदांत संपला असता. थोडी घसरण झाली तरी वेळ त्या बाजूला झुकणार. म्हणून तुकड्याच्या टोकावर आणि काचेवर, दोघं टेकतात तिथे, समोरासमोर खडूच्या रेघा मारल्या. वीस झोक्यांनंतर तुकडा थांबवला तेव्हा रेघा समोरासमोरच होत्या. दहा अंशांच्या झोक्याला घर्षणांक ०.०७ असला तरी पुरतो, आणि लाकूड काचेला त्याहून पुष्कळ जास्त धरतं. म्हणजे घसरणही नव्हती.

शेवटी व्हर्निअर कॅलिपर काढला. तुकड्याची जाडी ५० मिलिमीटर हवी होती. भरली ४८.५. दुसऱ्या तुकड्याचीही तेवढीच. तसाच सुताराकडे गेलो. तो हसून म्हणाला, “सर, करवत तिचा घास घेणारच. तीन मिलिमीटरचा भुसा झाला ना!”

दीड मिलिमीटर म्हणजे तुकड्याचं चार टक्क्यांहूनही कमी वजन. तेवढ्याने झोका चार टक्के लवकर कसा संपेल? वजन कमी झालं की ओढही कमी होते आणि जडत्वही. दोन्ही सारखे घटले तर आवर्तकाल बदलायलाच नको. पण हे लाकूड गेलं कुठून ते पाहावं लागतं. ते गेलं थेट वर्तुळाच्या मध्याच्या पातळीवरून. त्या पातळीवरचं वजन तुकड्याला मागे ओढायला जवळजवळ काहीच मदत करत नाही, कारण तो कलला की त्याची एक बाजू जितकी वर जाते तितकीच दुसरी खाली येते. उलट टेकण्याच्या बिंदूपासून ते सर्वांत लांब असतं, म्हणून जडत्वात त्याचा वाटा मोठा. हिशेब केला तर ओढ फक्त ०.१ टक्क्याने कमी झाली होती आणि आघूर्ण साडेसात टक्क्यांहून थोडं जास्त. आवर्तकाल वर्गमुळाने बदलतो, म्हणून घट निम्मी. नवा आकडा आला ०.५३५ सेकंद. वीस झोक्यांना १०.७.

कागदावर जुळलं तरी खात्री करायची होती. सुताराने त्याच सागाची एक पट्टी रंधून दीड मिलिमीटरची करून दिली. एका तुकड्याच्या सपाट बाजूवर ती दुहेरी चिकटपट्टीने बसवली. जाडी पुन्हा ५० मिलिमीटरच्या जवळ आली, आणि वीस झोके ११.१ सेकंदांचे.

दुसरा तुकडा तसाच ठेवला. आता दोघांना काचेवर शेजारी ठेवतो आणि एकाच फुटपट्टीने एकदम दाबून सोडतो. पहिले दोन-तीन झोके ते जोडीने झुलतात. मग बिनपट्टीचा पुढे जाऊ लागतो. तेराव्या झोक्याच्या सुमाराला एक डावीकडे कललेला असतो, तर दुसरा उजवीकडे.