दुपारच्या रिकाम्या खुर्चीचा हिशेब

पुण्यात फर्ग्युसन रस्त्याच्या आसपास एखाद्या सलूनमध्ये बुधवारी दुपारी दोनला डोकावून पाहा. एसी चालू, कारागीर मोबाइलमध्ये, चारपैकी तीन खुर्च्या मोकळ्या. तेच सलून रविवारी सकाळी भरून वाहत असतं आणि नवं गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. भाडं आणि पगार मात्र दोन्ही दिवशी सारखेच. बुधवारी दुपारचा न विकला गेलेला तास रविवारी विकता येत नाही, म्हणून तो थोड्या कमी भावात विकायचा. ‘स्टुडंट ऑफर’मागचा विचार एवढाच.

पण सवलत कुठल्या वेळेला द्यायची, हे न ठरवताच बहुतेकजण पाटी लावतात: ‘विद्यार्थ्यांना ३० टक्के सूट’. मग विद्यार्थीही रविवारीच येतात. पूर्ण दर देणाऱ्याची खुर्ची सवलतीवाल्याला जाते आणि दुपार होती तशीच रिकामी राहते.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, हेअरकटचा दर ३०० रुपये आहे. टॉवेल, शाम्पू, वीज मिळून ४० आणि कारागिराचं कमिशन ४५ गेलं, की मालकाकडे २१५ उरतात. मंगळवार ते शुक्रवार, दुपारी बारा ते चार, ओळखपत्र दाखवणाऱ्याला दर २००. माझं मत असं, की कमिशन इथेही पूर्ण दरावरच, म्हणजे ४५ रुपयेच द्यावं. नाहीतर कारागीर विद्यार्थ्याला दहा मिनिटांत उरकतो, आणि ते त्याच्या केसांवर महिनाभर अख्ख्या वर्गाला दिसतं. खर्च वजा जाता मालकाला ११५ सुटतात.

आता आठवड्याला असे वीसजण आले. सगळे नवे असतील तर २,३०० रुपये जास्तीचे. पण त्यातले काही आधी पूर्ण दराने येणारेच असतात. अशा प्रत्येकामागे शंभर रुपये कमी होतात. विसातले अकरा जुने निघाले तर नव्या नऊजणांचे १,०३५ मिळाले आणि ११०० गेले. दुकान भरलेलं दिसतं, गल्ला मात्र घटलेला. हे ओळखायचं तर बिलाच्या वेळी मोबाइल नंबर जुन्या नोंदीत आहे का, एवढं बघायचं. निम्म्याहून जास्त नंबर जुने निघाले, की योजना आवरती घ्यायची. अर्थात, जुन्यांनी सोडलेल्या रविवारच्या जागा लगेच भरत असतील तर गोष्ट वेगळी.

दुपारच्या दरात फक्त हेअरकट ठेवावा. कलर किंवा स्मूदनिंग यांत मालाचाच खर्च मोठा, आणि काम तीन-चार तास चालतं. दोनला बसलेली मुलगी सहापर्यंत उठत नाही, तोवर संध्याकाळची गर्दी सुरू झालेली असते.

कॉलेजशी टाय-अप म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फेस्टचा बॅनर येतो. त्याला दहा हजार दिले तर ते वसूल व्हायलाच सत्त्याऐंशी नवे हेअरकट हवेत. त्यापेक्षा मेसवाले काका, मुलींच्या पीजीच्या काकू, अभ्यासिकेचे चालक यांच्याकडे वेगवेगळ्या रंगाची कुपनं ठेवावीत. महिनाअखेरीला रंगांप्रमाणे मोजली, की गिऱ्हाईक कुठून येतं ते कळतं. मोबदला आलेल्या माणसांवर द्यायचा, छापलेल्या कुपनांवर नाही.

कॉलेजचा खरा हंगाम साडी डे आणि ट्रॅडिशनल डेला असतो. त्या दिवशी मागणी सकाळी सहा ते आठची, म्हणजे सलून उघडायच्याही आधीची. पाच-सहा मैत्रिणींचा गट आगाऊ पैसे देऊन येत असेल तर सवलतीची गरजच नसते. कारागिराला लवकर येण्याचे जादा पैसे मात्र त्यातूनच द्यावे लागतात. श्रावणाचं गणित उलटं. दाढी-केस न करण्याचं अनेकजण पाळतात, तेव्हा पुरुषांच्या खुर्च्यांसाठी ऑफर काढून फारसं काही हाती लागत नाही.

नोकरी करणारे तरुण दुपारी येऊच शकत नाहीत. हिंजवडीत बसलेल्याला शंभर रुपयांच्या सुटीसाठी डेक्कनला बोलावणं म्हणजे त्याच्या वेळेची चेष्टा. त्याला हवी असते ती खात्री: सकाळी आठची वेळ घेतली तर आठलाच खुर्ची मिळेल आणि पावणेनऊला बाहेर पडता येईल. त्यासाठी तो पूर्ण दर खुशीने देतो. ज्यांचं ऑफिस आठवड्यातून काही दिवस घरून चालतं, त्यांना नेमके ते वार विचारून घ्यावेत आणि आदल्या संध्याकाळी दुपारच्या मोकळ्या वेळा व्हॉट्सअॅपवर कळवाव्यात.

उरतो प्रश्न पदवी मिळालेल्यांचा. दोनशेची सवय लागलेल्याला एकदम तीनशे सांगितले तर तो पुढच्या गल्लीत जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून बिलावर मूळ दर ३०० आणि विद्यार्थी सवलत १०० असं वेगळं छापावं, आणि ओळखपत्राची मुदत नंबरासोबत लिहून ठेवावी. मुदत संपायच्या महिनाभर आधी त्याला सांगायचं, की आता पूर्ण दर लागेल. पण शनिवार-रविवारची वेळही आगाऊ धरून ठेवू.