वाफेच्या नळीवरील चकत्या : उष्णता किती, हिशोब कसा?



लोणंदच्या बाजारातला कांदा वाळवून टिकवायचा म्हटला, की गरम हवा लागते. कारखान्यात साखर वाळवायलाही तीच लागते. ही हवा वाफेच्या नळ्यांवरून फिरवून तापवतात आणि नळीवर गोल चकत्या बसवतात, त्यांना फिन म्हणतात. दरपत्रकात या चकत्यांचे चौरस मीटर मोठ्या अक्षरांत असतात. पण सगळे चौरस मीटर सारखे काम करत नाहीत.

कारण सोपे आहे. चकती बुडाशी नळीइतकी तापते, पण कडेकडे जाताना थंड होत जाते. सगळी चकती बुडाइतकी तापली असती तर जेवढी उष्णता मिळाली असती, त्यातला किती भाग प्रत्यक्षात मिळतो, तो आकडा म्हणजे चकतीची कार्यक्षमता. तो तयार आलेखावरून वाचता येतो.

एक उदाहरण घेऊ. नळीची बाहेरची त्रिज्या २.५ सें.मी., चकतीची ५ सें.मी., जाडी १ मि.मी., आणि एक मीटर नळीवर अशा १०० चकत्या. नळी ११० अंशांवर, हवा ३० अंशांवर. हवा दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला ५० वॅट उष्णता घेते असे धरू.

चकतीची कडही उष्णता देते, म्हणून त्रिज्येत अर्धी जाडी मिळवायची : ५.०५ सें.मी. तिला २.५ ने भागले की २.०२ येतात. आलेखावर २ ची रेघ धरायची. आडव्या अक्षावरचा आकडा चकतीची लांबी, जाडी, धातू आणि हवा यांवरून निघतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी तो सुमारे ०.४ येतो. तिथून सरळ वर जाऊन रेघेला भिडले, की डावीकडे कार्यक्षमता वाचायची : सुमारे ०.८६.

शंभर चकत्यांचे क्षेत्रफळ १.२१ चौ.मी. ते ०.८६ ने गुणले की १.०४ उरतात. चकत्यांमधली उघडी नळी ०.१४ चौ.मी. आहे. ती पूर्ण तापलेली असते, म्हणून तशीच मिळवायची. एकूण १.१८. याला ५० ने आणि ८० अंशांच्या फरकाने गुणले की सुमारे ४,७०० वॅट. नुसत्या नळीने ६३० वॅटच दिले असते. क्षेत्रफळ साडेआठ पट वाढले, उष्णता साडेसात पट.

आता त्याच मापाच्या चकत्या पोलादाच्या घ्या. पोलादातून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या चौथाईच वाहते. आलेखावरचा आडवा आकडा ०.८ होतो, कार्यक्षमता ०.६३ वर येते आणि उष्णता ३,६०० वॅट. दरपत्रकातले चौरस मीटर मात्र तेच! म्हणून चौरस मीटरबरोबर धातू, जाडी आणि उंची विचारावी.

आलेखाची एक अट आहे : चकती नळीला घट्ट चिकटलेली हवी. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे गुंडाळलेली चकती तापून बुडाशी सैल होऊ शकते. वाफेचा दाब आणि हवेचा ओघ तोच असून बाहेरची हवा कमी तापू लागली, तर आधी हेच तपासावे. हवेचा ओघच घटला असेल, तर चकत्यांमध्ये धूळ किंवा साखरेची भुकटी भरली आहे असे समजून त्या साफ कराव्यात.