माद्रिदच्या शाळेतून आलेली सहलीची चिठ्ठी

माद्रिदच्या शाळांतली मुले टोलेडोला सहलीला जातात, तेव्हा काही दिवस आधी दप्तरातून एक कागद घरी येतो. मजकूर असतो जेमतेम सात-आठ ओळींचा. नमुन्यादाखल अशी एक चिठ्ठी पाहू: ‘प्रिय कुटुंबीयहो, गुरुवार 14 मे रोजी चौथीचा वर्ग टोलेडोला जाईल. बस शाळेच्या दारातून 8:45 ला निघेल आणि 17:00 वाजता परत येईल. खर्च 12,50 युरो. मुलांनी आल्मुएर्सो, डबा आणि पाणी आणावे. खालचा भाग भरून शुक्रवार 8 मेपर्यंत परत द्यावा. सस्नेह, वर्गशिक्षिका.’

पूर्वी अशा पत्राची सुरुवात ‘प्रिय पालक’ म्हणजे अक्षरशः ‘प्रिय आईबाबा’ अशी व्हायची. आता बहुतेक ठिकाणी ‘एस्तिमादास फामिलियास’, प्रिय कुटुंबीयहो, असे लिहितात, कारण मूल आजीकडे किंवा आईबाबांपैकी एकाकडेच राहत असू शकते. रकमेतला स्वल्पविराम हजाराचा नाही, दशांशाचा आहे. 12,50 म्हणजे साडेबारा युरो. ‘आल्मुएर्सो’चा अर्थ प्रदेशागणिक बदलतो. कुठे ते दुपारचे जेवण, तर शाळेच्या चिठ्ठीत बहुधा सकाळच्या सुट्टीतला खाऊ. या चिठ्ठीत डबा वेगळा सांगितला आहे, म्हणून इथे आल्मुएर्सो म्हणजे खाऊच. स्पेनमध्ये जेवण दोन वाजेपर्यंत होत नाही, म्हणून दोन्ही लागतात. डब्यात तिथली मुले बहुतेक ‘बोकादियो’ नेतात, म्हणजे पावात हॅम किंवा बटाट्याचे ऑम्लेट. जी मुले रोज शाळेच्या भोजनगृहात जेवतात, त्यांना अनेकदा शाळाच सहलीची पिशवी देते. मूल शाकाहारी असेल तर ते आधीच कळवायला हवे, नाहीतर पिशवीत हॅमचाच पाव निघायचा.

पण या कागदाचा खरा जीव आहे तुटक रेषेखालच्या भागात. वरचे पत्र घरी ठेवायचे असते. खालचा तुकडा कापून शाळेला द्यायचा, कारण तो पालकाचे कायदेशीर निवेदन असतो. त्यात पालकाचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक, मुलाचे नाव आणि मोठ्या अक्षरांत ‘आउतोरीसो’ म्हणजे ‘मी परवानगी देतो’ किंवा ‘देते’ असते. शेवटी तारीख आणि सही. स्पेनच्या नागरिकांकडे ‘दे-एने-ई’ हे ओळखपत्र असते. परदेशी माणसाने तिथे आपला परदेशी ओळख क्रमांक लिहायचा. तो X, Y किंवा Z या अक्षराने सुरू होतो, मग सात अंक येतात आणि शेवटी आणखी एक अक्षर असते.

स्पेनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा घोटाळा होऊ शकतो तो नावाच्या रकान्यात. तिथे माणसाला दोन आडनावे असतात, सहसा एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे, आणि हजेरीपट पहिल्या आडनावाने लागतो. समजा मुलाचे नाव आदित्य संजय कुलकर्णी. आपण सवयीने तिन्ही शब्द ओळीने लिहितो आणि वाचणारा ‘संजय’ हेच पहिले आडनाव समजतो. मग मूल यादीत भलत्याच अक्षराखाली जाते आणि बसच्या दाराशी शिक्षिकेला ते नाव शोधावे लागते. म्हणून पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे तेवढेच, म्हणजे कुलकर्णी, आडनाव म्हणून लिहावे आणि दुसरे आडनाव रिकामे सोडावे.

दुसरी अडचण चौकटींची. काही तुकड्यांवर ‘सी’ (हो) आणि ‘नो’ (नाही) अशा दोन चौकटी छापलेल्या असतात. आपल्याकडे फुली म्हणजे चूक किंवा नकार. तिथे फुली म्हणजे निवड. ‘नाही’ हा पर्याय रद्द करायचा म्हणून त्यावर फुली मारली, तर शाळा वाचते: परवानगी नाही. त्याच कागदावर बऱ्याचदा फोटो काढायच्या संमतीची वेगळी चौकट असते. सहलीला हो म्हणून फोटोंना नाही म्हणता येते. स्पेनच्या 2018 च्या माहितीसंरक्षण कायद्यानुसार 14 वर्षांखालील मुलासाठी ही संमती पालकच देतात.

सही केली म्हणजे शाळेची जबाबदारी संपली, असा समज अनेकांचा असतो, आणि तो चुकीचा आहे. स्पेनच्या नागरी संहितेच्या कलम 1903 नुसार अल्पवयीन विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली असताना त्यांच्या हातून कोणाचे नुकसान झाले, तर शाळा चालवणारी संस्था जबाबदार असते, आणि वर्गाबाहेरचे उपक्रमही त्यात येतात. पालकाची सही एवढेच सांगते की मूल शाळेबाहेर जाणार हे मला ठाऊक आहे आणि मान्य आहे. एका दिवसाच्या सहलीला सहसा आई किंवा बाबा कोणा एकाची सही पुरते, कारण कलम 156 प्रमाणे नेहमीच्या गोष्टींत एका पालकाचा निर्णय ग्राह्य धरला जातो. वेगळे राहणाऱ्या आईबाबांत वाद असेल तर शाळा दोघांची सही मागू शकते.

तुकडा ठरलेल्या तारखेनंतर दिला तर बसमधली जागा आणि प्रवेशिकांची संख्या आधीच ठरलेली असते. तेव्हा चिठ्ठी मिळाल्याच संध्याकाळी भरून दप्तरात परत ठेवा. सही नसलेल्या मुलाला शिक्षिका बसमध्ये घेऊ शकत नाही. त्या दिवशी ते शाळेतच दुसऱ्या वर्गात बसते.