तिकिटावर सुनीता, पासपोर्टवर सुनीता रमेश

सांगलीच्या सुनीताबाई मुलीकडे अमेरिकेला निघाल्या आहेत, असं धरू. पासपोर्टवर Surname या रकान्यात KULKARNI आहे आणि Given Name या रकान्यात SUNITA RAMESH. जावईबापूंनी घाईत ऑनलाइन तिकीट काढलं, त्यावर छापून आलं KULKARNI/SUNITA MRS. रमेश गायब. निघायला आठवडा राहिला असताना हे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि घरात एकच प्रश्न सुरू होतो, विमानात बसू देतील ना?

बहुतेक वेळा देतात. पण ‘बहुतेक’ कुठे संपतं हे कळायला आधी विमानतळावर हे नाव नक्की कोण वाचतं ते पाहायला हवं.

दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट शेजारी धरून नजर टाकतो. त्याला माणूस तोच आहे आणि तारीख आजची आहे एवढंच बघायचं असतं. खरा निर्णय होतो तो विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर. तिथे पासपोर्टचं फोटोचं पान यंत्रात घातलं जातं आणि यंत्र त्या पानाच्या तळाच्या दोन ओळी वाचतं. सुनीताबाईंच्या पासपोर्टवर त्यातली पहिली ओळ अशी सुरू होईल:

```
P<INDKULKARNI<<SUNITA<RAMESH<<<<<
```

आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीचं नाव. सहसा हीच माहिती जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांकासह अमेरिकेला आगाऊ जाते. म्हणजे पलीकडच्या सरकारपुढे पासपोर्टवरचं नाव येतं. पुढे इमिग्रेशनचा अधिकारीही पासपोर्ट आणि व्हिसा यांतच बुडालेला असतो. तिकिटावरच्या नावाची चिंता मुख्यतः कंपनीची.

कंपनी एवढी काटेकोर का? एक तर तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तसं करता आलं असतं तर स्वस्तात तिकिटं उचलून हंगामात चढ्या भावाने विकणाऱ्यांची चांदी झाली असती. दुसरं, कागदपत्रांत खोट असलेला प्रवासी परदेशातून परत पाठवला गेला तर त्याला आणण्याचा भार, आणि अनेकदा दंडही, कंपनीवर पडतो. त्यामुळे काउंटरवरची व्यक्ती एकाच गोष्टीची खात्री करत असते: तिकिटावरचा माणूस आणि पासपोर्टवरचा माणूस एकच आहे, याबद्दल शंकेला जागा आहे का?

सुनीताबाईंच्या बाबतीत ती नाही. आडनाव जुळतं, पहिलं नाव जुळतं. तिकिटावर काही कमी आहे, पण पासपोर्टच्या विरुद्ध काही नाही. अमेरिकेची विमानतळ सुरक्षा यंत्रणासुद्धा मधल्या नावासारखे किरकोळ फरक अडचणीचे मानत नाही. काही कंपन्या मात्र पूर्ण नावाचा आग्रह धरतात, म्हणून फोन करून विचारणं बरं. बोर्डिंग पासवर SUNITARAMESHMRS असं सगळं चिकटून आलं तर मात्र घाबरायचं कारणच नाही. आरक्षणाच्या प्रणाली बऱ्याचदा मधली जागा गिळतात, काउंटरवरच्यांना ते रोजचं आहे.

आता हेच तिकीट थोडं बदलून पाहू. SUNITA ऐवजी SUNEETA लागलं असेल तर उच्चार तोच, पण अक्षरं पासपोर्टच्या विरुद्ध जातात. आपल्याकडे जयदीप Jaideep आणि Jaydeep असा दोन्ही लिहिला जातो, दीक्षितांचं तर विचारूच नका. अशी एखाद-दोन अक्षरांची चूक काउंटरवर सांभाळून घेतली जाण्याची शक्यता बरीच असते, पण ते समोरच्याच्या मर्जीवर. ती आधी दुरुस्त करावी.

तिकीट RAMESH/SUNITA असं निघालं असेल तर प्रकरण गंभीर. आडनावाच्या रकान्यात पतीचं नाव पडलं आणि कुलकर्णी कुठेच उरलं नाही. वयस्कर माणसांची तिकिटं नातवंडं काढतात तेव्हा हे होतं. जतन केलेली जुनी माहिती आपोआप भरली जाते आणि कुणी वाचत नाही. आणि तिकिटावर माहेरचं JOSHI असेल, पासपोर्टवर KULKARNI, तर लग्नाचा दाखला दाखवून काम होईल या भरवशावर विमानतळावर जाऊ नये. काही कंपन्या दाखला पाहून नाव दुरुस्त करतात, पण ते आधी करून घ्यायचं काम आहे. नववधूंनी लक्षात ठेवावं: लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललंच पाहिजे असं बंधन नाही. मधुचंद्राचं तिकीट पासपोर्टवर आज जे नाव आहे त्याच नावाने काढावं.

दुरुस्ती कुठे करायची, यातच लोक अडकतात. तिकीट ज्याने दिलं त्याच्याकडेच जावं लागतं. एजंटकडून किंवा प्रवासाच्या पोर्टलवरून घेतलं असेल तर विमान कंपनी सहसा परत तिकडेच पाठवते. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलं असेल आणि चूक २४ तासांच्या आत कळवली, तर त्याच व्यक्तीच्या नावातल्या दुरुस्तीसाठी पैसे घेऊ नयेत, असा आपल्याकडे डीजीसीएचा नियम आहे. नंतर मात्र शुल्क, आणि कधीकधी भाड्यातला फरकही. बोलताना ‘नाव बदलायचं आहे’ असं म्हणू नका, ‘स्पेलिंग दुरुस्त करायचं आहे’ म्हणा आणि पासपोर्टची प्रत पाठवा. नाव बदलणं म्हणजे प्रवासी बदलणं, आणि त्याला उत्तर नकारच येतं.

दुरुस्ती झाली असं फोनवर सांगितलं तरी काम पुरं झालेलं नसतं. आरक्षण आणि ई-तिकीट या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आरक्षणात नाव सुधारलं आणि तिकीट तसंच राहिलं तर घोटाळा काउंटरवर उघड होतो. नवं ई-तिकीट मागवून त्यावरचं नाव आणि १३ अंकी तिकीट क्रमांक पाहावा. प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील तर ज्या कंपनीचं विमान प्रत्यक्ष उडणार आहे तिच्याकडेही सुधारलेलं नाव दिसतंय का, हे विचारावं. पहिल्या टप्प्यालाच अडवलं गेलं आणि विमान सुटलं तर त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पे आणि परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच आहे, त्यांचा मामला वेगळा. तिकीट काढताना आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून कुठे तेच नाव दोनदा लिहितात, कुठे FNU लिहितात. प्रत्येक कंपनीची पद्धत तिलाच विचारावी. अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश बंद केला. नंतर पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल, अशी सवलत दिली. अशा माणसांनी दुबईला जाण्याआधी पासपोर्टच नवा करून घेणं सोयीचं.

तिकिटाच्या बाबतीत दाखवली जाते ती सवलत व्हिसाच्या बाबतीत गृहीत धरू नका. ई-व्हिसावर नावाचं किंवा पासपोर्ट क्रमांकाचं एक अक्षर चुकलं तर काउंटरवरची व्यक्ती ते स्वतः सुधारू शकत नाही. म्हणून तिकीट हातात आलं की त्याच दिवशी पासपोर्टचं फोटोचं पान उघडा आणि तळाच्या ओळीशी तिकीट आणि व्हिसा दोन्ही अक्षर-अक्षर लावून पाहा. २४ तासांची मुदत तिकीट काढल्या क्षणापासून सुरू झालेली असते.