गच्चीचं भाडं कुणाचं?

पांढुर्ण्यात किंवा सौंसरला ‘सोसायटी’ म्हटलं की शेतकऱ्याला आधी खत-कर्जाची सेवा सहकारी संस्था आठवते. फ्लॅटची सोसायटी इथे थोडी नवी आहे. म्हणूनच टॉवर कंपनीचा माणूस गच्ची बघायला आला की पहिला प्रश्न उभा राहतो, पैसे घेणार कोण? बिल्डर म्हणतो गच्ची माझी, वरच्या मजल्यावरचा म्हणतो त्रास मला, आणि खालच्या दुकानदाराला वाटतं आपलाही वाटा आहे.

बिल्डरला द्यायचं उत्तर सोपं आहे. 2016 च्या रेरा कायद्याने सामायिक जागांची जी व्याख्या केली, तिच्यात जिने आणि लिफ्टबरोबर गच्चीही आहे. त्या कायद्याखालच्या प्रकल्पात सामायिक जागा रहिवाशांच्या संस्थेकडे द्यायची असते. रजिस्ट्रीत ‘छत के अधिकार विक्रेता के पास’ असं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. नंतरची भांडणं बहुधा याच वाक्यावरून होतात.

रहिवाशांमधली वाटणी मात्र संस्था कोणती यावर ठरते. सहकारी संस्था असेल तर भाडं संस्थेचं उत्पन्न होतं. ते देखभालीला आणि निधीला जातं, सभासदांना महिन्याला हातोहात वाटता येत नाही. मध्य प्रदेशच्या 2000 सालच्या प्रकोष्ठ स्वामित्व कायद्याखालची इमारत असेल तर प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा घोषणापत्रात लिहिलेला असतो. हिशेबाला तोच आधार धरायचा. म्हणजे मोठ्या फ्लॅटवाल्याचा वाटा मोठा. नागपुरात नातेवाइकाच्या सोसायटीने काय केलं ते इथे उपयोगाचं नाही, कारण तिथे महाराष्ट्राचा सहकार कायदा चालतो. पण प्राप्तिकर दोन्हीकडे एकच.

आणि गफलत होते ती इथेच. ‘सभासदांकडून सभासदांसाठी’ घेतलेल्या वर्गणीवर कर नसतो, म्हणून टॉवरच्या भाड्यावरही नसेल, असं खजिनदार धरून चालतो. पण कंपनी सभासद नाही, त्यामुळे ती सवलत लागू होत नाही. मुंबईच्या मातृ आशिष सोसायटीचं प्रकरण 2012 मध्ये प्राप्तिकर न्यायाधिकरणापुढे गेलं. गच्चीवरच्या अँटेनाचं उत्पन्न ‘घरमालमत्तेचं उत्पन्न’ मानलं गेलं आणि सोसायटीला 30 टक्क्यांची ठोक वजावट मिळाली. हिचा अर्थ रुपयांत पाहू. समजा बारा फ्लॅटच्या सहकारी संस्थेला महिना 15,000, म्हणजे वर्षाला 1,80,000 रुपये मिळतात. वजावटीचे 54,000 गेले की 1,26,000 उरतात. दुसरं उत्पन्न आणि इतर वजावटी नाहीत असं धरलं, तर सहकारी संस्थेच्या नेहमीच्या दरांनी उपकरासह कर होतो 36,192 रुपये. तेच 1,80,000 ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवले तर 53,040. विवरणपत्रातला एक रकाना चुकला की जवळजवळ सतरा हजार गेले.

मंजुरी पहिली सर्वसाधारण सभेची. अध्यक्षाच्या एकट्याच्या सहीवर करार करू नका, ठराव आणि हजेरी जपून ठेवा. खासगी इमारतीवरच्या टॉवरसाठी मार्गाधिकार नियमांतल्या 2022 च्या दुरुस्तीने स्थानिक संस्थेच्या परवानगीची जागा लेखी सूचनेने घेतली, सोबत इमारतीच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला. 1 जानेवारी 2025 पासून नवे मार्गाधिकार नियम लागू आहेत, म्हणून नगरपालिकेत काय दाखल केलं त्याची पोच कंपनीकडून मागून घ्या. दाखला कंपनीने आणला तरी कॉलम आणि बीम आपल्या अभियंत्याकडून एकदा तपासावेत. गच्चीच्या कडेला ओल किंवा सळई उघडी दिसत असेल तर तिथेच थांबावं. टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा भारतात 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आहे, आणि आसपासच्या टॉवरची माहिती ‘तरंग संचार’वर पाहता येते. ‘ट्रायची मंजुरी आली, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा. ट्राय असे पैसे घेत नाही.

करारात दोन ओळी नीट वाचा. वर्षानुवर्षांचं बंधन बहुतेक वेळा मालकालाच असतं, कंपनी नोटीस देऊन निघून जाऊ शकते. दुसरी ओळ, त्याच खांबावर आणखी एक कंपनी आली तर वाढीव भाडं. एका वर्षापेक्षा लांब भाडेपट्टा नोंदवल्याशिवाय करू नये.

सौर पॅनेलचं गणित निराळं, कारण तिथे भाडं हाती येत नाही, लाइट बिल कमी होतं. 10 किलोवॅटला सुमारे 1,000 चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि महिन्याला साधारण 1,200 युनिट निघतात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 10 किलोवॅटला 1,80,000. पण ही वीज लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरवर जाते, घराघरांतल्या मीटरवर नाही. त्यामुळे आधी त्या सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं काढा. तिथे महिन्याला 400 युनिटच जळत असतील तर 10 किलोवॅट कशाला? नेट मीटरसाठी अर्ज पूर्व क्षेत्र वीज कंपनीकडे. 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीविना अर्ज मंजूर धरण्याची तरतूद वीज ग्राहक हक्क नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीत आहे.

दोन्ही हवं असेल तर टॉवर उत्तरेला ठेवा. एका पॅनेलवर खांबाची सावली पडली तरी तारेने जोडलेली पूर्ण रांग मंदावते. आणि करारात लिहून घ्या की गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं झालं की पॅनेल किंवा टॉवरचा पाया हलवण्याचा खर्च कोण देणार.