हप्त्याची फोड

मुखेडला घर बांधण्यासाठी 9 टक्के दराने 20 वर्षांच्या मुदतीचे 20 लाख कर्ज घेतलेल्या गृहस्थास, दरमहा सुमारे 17,995 रुपये बिनचूक भरूनही, पाच वर्षांनंतर खातेउताऱ्यावर पावणेअठरा लाखांची बाकी दिसते, तेव्हा हिशेबात गफलत झाल्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. वस्तुतः व्याजाची आकारणी शिल्लक मुद्दलावर होते आणि, राशीतून आधी खंड काढून उरलेले धान्य घरी न्यावे तसे, हप्त्यातून व्याज प्रथम वसूल होते. पहिल्या महिन्याचे व्याजच 15,000, म्हणून मुद्दलात जमा अवघे 2,995. दुसऱ्या महिन्यात व्याज जेमतेम 22 रुपयांनी उतरते, आणि हा क्रम इतका मंद की मुद्दलाचा वाटा व्याजाहून वरचढ होण्यास तेरावे वर्ष उजाडते. आरंभीच एक लाख जादा भरून हप्ता तोच ठेवला, तर सुमारे अडीच वर्षांचे हप्ते वाचतात. मात्र बँकेने मुदत घटवली की हप्ता, याची खातरजमा उताऱ्यावरून अवश्य करावी.